पहिलं पत्र फुकट गेलं, दुसरं लागू पडलं

दुकानात आलेल्या १५० एएच, म्हणजे अँपिअर-तास, क्षमतेच्या इन्व्हर्टरच्या चार बॅटऱ्यांपैकी दोन लवकर बसत होत्या. मी रागाने पुरवठादाराला लिहिलं, ‘बॅकअप निम्माच मिळतो.’ उत्तर आलं, ‘लोड जास्त असेल.’ खरं तर त्यांचं चुकलं नव्हतं. १५० एएच हा आकडा २० तासांच्या हिशेबाचा, म्हणजे ७.५ अँपिअरने. इन्व्हर्टरवर ४० अँपिअर खेचले की चांगली बॅटरीही कमीच देते.

मग दोन्ही पूर्ण चार्ज केल्या आणि चार्जर काढून रात्रभर ठेवल्या. लोड सतत ७.५ अँपिअरवर ठेवून दर तासाला व्होल्टेज टिपलं. १०.५ व्होल्टला थांबायचं, त्याखाली नेलं तर बॅटरीच खराब होते. नवी बॅटरी सुरुवातीला थोडी कमी देते, म्हणून हे तीनदा केलं. (झोपेचं खोबरं!)

दुसऱ्या पत्रात एवढंच लिहिलं: ‘महोदय, सोबत दोन्ही बॅटऱ्यांचे अनुक्रमांक व तासवार नोंदी जोडल्या आहेत. तिसऱ्या चाचणीत पहिली १५ तास २० मिनिटं चालली, म्हणजे ११५ एएच. दुसरी १६ तास, म्हणजे १२० एएच. आपल्या माणसासमोर पुन्हा चाचणी करायची तयारी आहे. दोन्ही बदलून द्याव्यात.’

त्यांचा माणूस आला, त्याने एकच तपासली आणि दोन्ही बदलून दिल्या.