इन्व्हर्सचा ताळा: पेपरला जाण्याआधी काय काय बघून ठेवायचं

प्रथम वर्षाच्या गणितात तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स विचारला की रीत सगळ्यांना येते आणि उत्तरं मात्र पाच जणांची पाच निघतात. नौपाड्यात संध्याकाळी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांसाठी ही यादी केली आहे. को-फॅक्टर म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. या प्रश्नात उत्तर बरोबर आहे का हे कुणाला विचारावं लागत नाही, मूळ मॅट्रिक्सने उलट गुणलं की कळतं. चुकलं असेल तर कुठे चुकलं तेही बऱ्याचदा त्या गुणाकारातच दिसतं, आणि तिथपर्यंत फार थोडे जण जातात. म्हणून एकच मॅट्रिक्स घेऊन सगळं दाखवते.

```
      1   2  -1
A =   3   0   2
      2   1   1
```

पहिली तयारी डोळ्यांची. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून आणलेल्या जुन्या पेपरांत 2 आणि 5 ओळखणं कठीण असतं. वरच्या रोमधला 2 तुम्ही 5 म्हणून उतरवलात तर डिटर्मिनंट बरोब्बर 0 येतो, तुम्ही ‘इन्व्हर्स अस्तित्वात नाही’ असं लिहून मोकळे होता आणि सगळे मार्क जातात. त्यामुळे 0 आला की पेन खाली ठेवायचं आणि दोन गोष्टी बघायच्या. प्रश्न नीट उतरवला आहे का, आणि खरंच एखादा रो बाकीच्या दोघांपासून बनतो आहे का. 5 घातल्यावर तो बनतो: तिसऱ्या रोची पाचपट करून त्यातून दुसऱ्या रोची तिप्पट वजा केली की 1, 5, -1 मिळतात, म्हणजे पहिला रोच. पेपरमधल्या मॅट्रिक्सचा असा संबंध सापडला तर ‘अस्तित्वात नाही’ बेधडक लिहा.

याला जोडूनच एक सवय लावून घ्या. ताळा करताना गुणायचं ते प्रश्नपत्रिकेतल्या मॅट्रिक्सने, उत्तरपत्रिकेत उतरवलेल्या नव्हे. उतरवतानाच चूक झाली असेल तर चुकीच्या मॅट्रिक्सचा इन्व्हर्स त्याच चुकीच्या मॅट्रिक्सने गुणल्यावर छान I देतो आणि तुम्ही खूश होऊन पुढच्या प्रश्नाकडे जाता.

आता को-फॅक्टर. नऊच्या नऊ आधी मांडून घ्यायचे, चिन्हासकट. पहिल्या रोचे -2, 1, 3. दुसऱ्याचे -3, 3, 3. तिसऱ्याचे 4, -5, -6. डिटर्मिनंट वेगळा काढत बसू नका, पहिल्या रोचे आकडे त्यांच्याच को-फॅक्टरने गुणून बेरीज करा: 1 गुणिले -2, 2 गुणिले 1, -1 गुणिले 3, एकूण -3. इथे पाय घसरतो तो असा. अधिक-वजा-अधिक हे चिन्ह को-फॅक्टरमध्ये आधीच धरलेलं असतं, पण हाताला सवय असते म्हणून मधल्या पदाला पुन्हा एकदा वजा लावलं जातं आणि -7 येतो. मायनर लिहिलेत तर चिन्ह लावायचं, को-फॅक्टर लिहिलेत तर लावायचं नाही. कच्च्या कामात वर ‘मायनर’ की ‘को-फॅक्टर’ एवढं जरी लिहिलंत तरी हा घोळ होत नाही.

मग ट्रान्सपोज. को-फॅक्टरचे रो उभे लिहिले की अ‍ॅडजॉइंट तयार.

```
          -2  -3   4
adj A =    1   3  -5
           3   3  -6
```

ताळा इथेच करायचा, -3 ने भागण्याआधी. हे मी मुलांना इतक्यांदा सांगते की ती आता माझ्या आधीच म्हणतात. भागल्यावर 2/3, -4/3, 5/3 असे अपूर्णांक येतात आणि ताळा करतानाच नव्या चुका होतात. अ‍ॅडजॉइंटमध्ये सगळे पूर्णांक आहेत. नियम साधा आहे: A · adj A = |A| · I. म्हणजे गुणाकारात कर्णावर तिन्ही जागी -3 आणि बाकी सहा जागी 0 यायला हवेत. मॅट्रिक्स चौरस असल्यामुळे एका बाजूने जुळलं की दुसऱ्या बाजूनेही जुळतंच. प्रश्नात दोन्ही बाजूंनी पडताळून दाखवा असं म्हटलं असेल तरच दुसरा गुणाकार लिहायचा.

गुणाकार बिघडला तर खोडरबर उचलू नका, कसा बिघडला ते बघा. रबाळ्याहून येणाऱ्या एका मुलीची वही समोर आहे. तिने दुसऱ्या रोच्या तिसऱ्या को-फॅक्टरचं चिन्ह चुकवलं, 3 च्या जागी -3 लिहिले. “ताई, दुसरा कॉलमच बिघडलाय, बाकीचे दोन बरोबर आहेत,” ती म्हणाली. बरोबरच होतं तिचं. तिथे 0, -3, 0 यायला हवे होते, आले 6, -15, -6. आता जे आलं त्यातून जे यायला हवं होतं ते वजा करा. फरक येतो 6, -12, -6. हे आकडे A च्या कुठल्या कॉलमच्या पटीत आहेत? तिसऱ्या कॉलमच्या. तो -1, 2, 1 आहे आणि त्याची -6 पट म्हणजे हा फरक. यातून सगळं कळतं: चूक अ‍ॅडजॉइंटच्या दुसऱ्या कॉलममध्ये, तिसऱ्या रोमध्ये आहे, आणि तिथला आकडा 6 ने कमी पडलाय. -3 मध्ये 6 मिळवा, 3. दुरुस्ती संपली, बाकीच्या आठ को-फॅक्टरना हातही लावायचा नाही.

असं का होतं? अ‍ॅडजॉइंटचा प्रत्येक कॉलम गुणाकारात आपापला कॉलम बनवतो, दुसऱ्याच्या कॉलममध्ये ढवळाढवळ करत नाही. म्हणून बिघडलेला कॉलम चुकीचा कॉलम दाखवतो. आणि तिसऱ्या रोमधला आकडा A च्या तिसऱ्या कॉलमलाच गुणतो, म्हणून फरक त्या कॉलमच्या पटीत येतो. एकाच कॉलममध्ये दोन चुका असतील तर फरक कुठल्याच एका कॉलमच्या पटीत बसत नाही. तेव्हा त्या कॉलमचे तीनही को-फॅक्टर पुन्हा काढायचे, तरी बाकीचे सहा वाचले.

ट्रान्सपोज राहिला असेल तर चित्र वेगळंच दिसतं. पहिल्याच रोच्या गुणाकारात -12, 12, 15 असं काहीतरी येतं आणि त्या रोमध्ये 0 चा पत्ता नसतो. तिन्ही कॉलम एकदम बिघडले की को-फॅक्टर शोधत बसण्याआधी ट्रान्सपोज केला का ते बघा. उलट कर्णावर तिन्ही जागी एकच आकडा, बाकी सगळे 0, पण तो आकडा तुमच्या डिटर्मिनंटशी जुळत नाही, असं झालं तर अ‍ॅडजॉइंट बरोबर आहे आणि डिटर्मिनंटच चुकलाय. मघाचा -7 असा पकडला जातो, कारण कर्णावर -3 हटून बसलेले असतात. कर्णाचं ऐका.

पेपरमध्ये नऊच्या नऊ जागा तपासायला वेळ मिळतोच असं नाही. मग मुलं काय करतात, पहिला रो पहिल्या कॉलमने गुणतात, डिटर्मिनंट आला की समाधान मानतात. हा ताळाच नव्हे. डिटर्मिनंट काढताना हाच गुणाकार केला होता, तोच पुन्हा केला तर तेच येणार, चुकीसकट. समजा पहिल्या रोचा दुसरा को-फॅक्टर 1 ऐवजी -1 लिहिला गेला. डिटर्मिनंट -7 येतो आणि ताळ्यातली पहिली जागाही -7 च येते. दुसऱ्या रोने गुणलं तरी पहिल्या कॉलममध्ये 0 येतो, कारण त्या रोच्या मधल्या जागी 0 आहे आणि चुकीचा आकडा त्या 0 ने गिळला. तिसऱ्या रोने गुणलं की 0 च्या जागी -2 येतो, आणि चोर सापडतो.

म्हणून वेळ कमी असेल तेव्हाचा नियम असा: ज्या रोने डिटर्मिनंट काढला तो सोडायचा, ज्या रोमध्ये 0 आहे तोही सोडायचा, उरलेला एक रो अ‍ॅडजॉइंटच्या तिन्ही कॉलमांनी गुणायचा. आपल्या मॅट्रिक्समध्ये तो तिसरा: 2, 1, 1. उत्तर 0, 0, -3 यायला हवं. अ‍ॅडजॉइंटमध्ये एकच आकडा चुकला असेल तर तो यातून निसटत नाही. एकाच कॉलममधल्या दोन चुका एकमेकींना खाऊन टाकू शकतात, तेवढी फट राहते. सरावाला हा तीन गुणाकारांचा ताळा चांगला आहे. माझी वाशीकडे जाणारी मुलं ऐरोली ते तुर्भे एवढ्यात उभ्या उभ्या, वही दप्तरावर टेकवून, दोन-तीन मॅट्रिक्सचे करतात.

जुळलं की भागायचं, पण आत नाही. उत्तर -1/3 बाहेर ठेवून आत अ‍ॅडजॉइंट, असंच लिहा. आत भागायला गेलं की उणे चिन्ह एखाद्या तरी आकड्यावर राहून जातं.

रो ऑपरेशनने काढा असं सांगितलं असेल तर अ‍ॅडजॉइंटने काढू नका, उत्तर बरोबर असलं तरी मार्क कापले जातात. तिथे अपूर्णांक येणारच; शेवटी 1/3 बाहेर काढून घ्या, आत 2, 3, -4 असे पूर्णांक राहतात, आणि A ने गुणल्यावर कर्णावर 3 येतात का ते बघा. ताळा पूर्ण विस्कटला तर रो ऑपरेशन चालू असताना मध्येच एखादं कॉलम ऑपरेशन केलंय का ते शोधा. रोने सुरू केलं की शेवटपर्यंत रोच.

याच मॅट्रिक्सवर समीकरणं आली तर: x + 2y - z = 2, 3x + 2z = 9, 2x + y + z = 7. दुसऱ्या समीकरणात y नाही, म्हणून मॅट्रिक्सच्या त्या जागी 0 लिहायचा. 2 डावीकडे सरकवला तर पुढचं सगळं फुकट. इन्व्हर्स डावीकडे, 2, 9, 7 चा कॉलम उजवीकडे. अ‍ॅडजॉइंटने गुणल्यावर -3, -6, -9 येतात, -3 ने भागल्यावर x = 1, y = 2, z = 3. इथे ताळ्यासाठी मॅट्रिक्स नकोच, तिन्ही किमती तिन्ही समीकरणांत घाला: 1 + 4 - 3 = 2, 3 + 6 = 9, 2 + 2 + 3 = 7. एकाच समीकरणात घालून थांबू नका, चुकीच्या किमतीही एखाद्या समीकरणात योगायोगाने बसतात.