मॉन्टे कार्लो चाचणीपूर्वी: कोकणातील एका पुलाच्या वेळापत्रकाची तयारी

मॉन्टे कार्लो चाचणीत संगणक प्रत्येक कामाचे दिवस ठरलेल्या मर्यादेत यादृच्छिकपणे बदलत वेळापत्रक हजारो वेळा चालवतो; अशा प्रत्येक वेळेला फेरी म्हणतात. उदाहरणादाखल कोकणातील नदीवरचा एक छोटा पूल घेऊ. पाया आणि पायर, म्हणजे पुलाचे खांब, यांचे काम ९० दिवसांचे आहे, त्याच वेळी कास्टिंग यार्डात गर्डर, म्हणजे पुलाच्या तुळया, ओतण्याचे कामही ९० दिवसांचे आहे, आणि ही दोन्ही कामे पूर्ण झाल्यावर गर्डर खांबांवर चढवण्याला, म्हणजे लाँचिंगला, २५ दिवस धरले आहेत. सुट्टी न घेता १५ जानेवारीला काम सुरू केले, तर ११५ दिवसांनी, म्हणजे ९ मे रोजी ते संपते. १ जून ते ३० सप्टेंबर या काळात नदीपात्रात काम बंद असते.

सर्वप्रथम वेळापत्रकाची जोडणी तपासावी. प्रत्येक कामाला आधीचे आणि नंतरचे काम जोडलेले असावे, आणि ‘३१ मेपर्यंत संपलेच पाहिजे’ अशी सक्तीची तारीख कुठेही अडकवलेली नसावी, कारण अशी एक खुंटी राहिली तरी हजारो फेऱ्यांचे उत्तर तिच्यापाशीच अडते आणि जोखीम दिसतच नाही. याची परीक्षा सोपी आहे: पायाच्या कामाचे दिवस २०० ने वाढवावेत आणि शेवटची तारीख निदान तितकी पुढे सरकते का ते पाहावे. सरकत नसेल, तर जोडणी दुरुस्त होईपर्यंत चाचणीला हात लावू नये. पावसाळ्याचा बंद काळ कॅलेंडरमध्ये घालावा. तो कामाच्या दिवसांत मिसळू नये.

त्यानंतर प्रत्येक कामासाठी कमीत कमी, सर्वाधिक संभाव्य आणि जास्तीत जास्त दिवस ठरवावेत. हे आकडे साइटवरच्या माणसांकडून घ्यावेत आणि आधी वाईटात वाईट काय होऊ शकते ते विचारावे, कारण ‘९० दिवस’ हा आकडा एकदा तोंडातून गेला की पुढची सगळी उत्तरे त्याच्याच आसपास घुटमळतात. समजा, पायासाठी ८०, ९०, १३०, गर्डरसाठी ७५, ९०, १२० आणि लाँचिंगसाठी २०, २५, ४५ असे आकडे आले आणि त्रिकोणी वितरण धरले, म्हणजे शक्यता सर्वाधिक संभाव्य आकड्यापाशी शिखर गाठते आणि दोन्ही टोकांकडे सरळ रेषेत शून्यावर येते. मग पाया ९० दिवसांत होण्याची शक्यता ८० ते १३० या ५० दिवसांपैकी पहिले १०, म्हणजे पाचात एक. गर्डरची ४५ पैकी १५, म्हणजे तीनात एक. दोन्ही कामे एकमेकांपासून स्वतंत्र धरली, तर दोन्ही वेळेत होण्याची शक्यता पंधरात एक एवढीच उरते. त्यात लाँचिंगची अनिश्चितता मिळवली की ९ मे गाठण्याची शक्यता सुमारे ३ टक्क्यांवर येते, जरी तिन्ही कामांचे आकडे स्वतंत्रपणे पाहिले तर वाजवीच वाटतात.

मात्र कामे खरोखर स्वतंत्र आहेत का, हे चाचणीपूर्वी लिहून ठरवावे. सिमेंटची टंचाई किंवा मजुरांचे गावी जाणे यांचा फटका पाया आणि यार्ड दोहोंनाही बसतो. एकामागोमाग येणाऱ्या कामांत असा सहसंबंध वगळला, तर एका कामाचा उशीर दुसऱ्याच्या लवकर होण्याने भरून निघाल्यासारखे दिसते, आणि निकालाचा वक्र आहे त्याहून उभा, म्हणजे फसव्या खात्रीचा निघतो. फेऱ्या काही हजार पुरतात. यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारे बीज निराळे घेऊन पुन्हा चालवावे आणि ८० टक्क्यांची तारीख, म्हणजे जिच्यापर्यंत ८० टक्के फेऱ्या संपतात ती, जवळजवळ तीच येते का, एवढे पाहावे.

आता एस-वक्र वाचण्याची तयारी. आडव्या अक्षावर तारखा असतात, उभ्या अक्षावर त्या तारखेपर्यंत काम संपलेल्या फेऱ्यांची टक्केवारी. पावसाळा नसता, तर आपल्या उदाहरणात ५० टक्क्यांची रेषा सुमारे १३३ व्या दिवशी, म्हणजे २७ मे रोजी, आणि ८० टक्क्यांची सुमारे १४२ व्या दिवशी, म्हणजे ५ जूनला वक्राला भेटली असती. परंतु बंद काळ घातल्यावर वक्र ३१ मे रोजी सुमारे ६५ टक्क्यांवर पोहोचतो आणि तिथून चार महिने सपाट धावतो. १४२ दिवस लागलेल्या फेरीचे ३१ मेनंतर पाच दिवसांचे काम उरते, ते ५ ऑक्टोबरला संपते. म्हणून ८० टक्क्यांची तारीख जूनमधून थेट ऑक्टोबरात जाते. सर्व फेऱ्यांची सरासरी काढली तर ती जुलैच्या आसपास पडते, जेव्हा एकही फेरी संपत नाही; त्यामुळे अहवालात सरासरी तारीख देऊ नये.

अशा सपाट पट्ट्यामुळे ‘८० टक्के खात्रीसाठी इतके दिवस राखीव ठेवा’ ही नेहमीची मांडणी येथे निरुपयोगी ठरते. आणखी आठवडाभर राखीव ठेवून काहीच साधत नाही. विचारण्याजोगा प्रश्न एवढाच की ३१ मेच्या रेषेवरची टक्केवारी ६५ वरून वर कशी न्यायची. त्यासाठी पायाचे काम लवकर सुरू करणे किंवा गर्डर चढवणारी दुसरी लाँचिंग गँट्री आणणे असे पर्याय एकेक करून मॉडेलात घालावेत आणि प्रत्येकाची त्या एकाच तारखेवरची टक्केवारी त्याच्या खर्चाशेजारी मांडावी. भूसंपादनाचा वाद किंवा अवेळी पूर यांसारखी, घडली तरच दिवस खाणारी जोखीम मॉडेलात घेतली आहे की नाही, हे वक्राखाली स्पष्ट लिहावे. जी घेतलेली नाही, तिच्याबद्दल ती टक्केवारी काहीही सांगत नाही.