पैसे घेऊन ऑनलाइन पत्रिका बघताना: काय लिहून द्यावं, फी कशी ठरवावी, कुठे थांबावं

मराठवाड्यात आता पत्रिका दाखवायला लोक पेठेत येतातच असं नाही. अंबाजोगाईहून, कंधारहून व्हॉट्सॲपवर जन्मतारीख येते, फोन-पे होतं आणि रात्री व्हिडिओ कॉल लागतो. समोरासमोर बसल्यावर ज्या शंका जागेवर फिटायच्या, त्या इथे फिटत नाहीत. म्हणून पैसे घेण्याआधी काय लिहून पाठवता, यावर या कामातला बहुतेक प्रामाणिकपणा ठरतो.

आधी मजकूर, मग क्यूआर कोड

चौकशी आली की पहिला निरोप असा असावा: "मी पारंपरिक ज्योतिषशास्त्रानुसार पत्रिकेचा अर्थ सांगतो. ही श्रद्धेवर आधारलेली सल्ला-सेवा आहे, भविष्याची हमी नाही. आजार, कोर्टकचेरी आणि कर्जाचे निर्णय यावर घेऊ नयेत. 45 मिनिटं, 700 रुपये, जास्तीत जास्त तीन प्रश्न. एक दिवस आधी कळवल्यास पूर्ण पैसे परत." टॅरोसाठीही हेच लिहावं, फक्त पत्रिकेच्या जागी पत्ते येतील. तिथे जन्मवेळ लागत नाही, म्हणून "पत्ते विचार करायला निमित्त देतात, तारखा सांगत नाहीत" हे वाक्य जोडावं.

"95 टक्के अचूक" हे शब्द कुठेही लिहू नयेत. डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी 2008 मध्ये महाराष्ट्रातल्या ज्योतिषांची चाचणी घेतली होती. पत्रिका हुशार मुलाची की मतिमंद मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. निकाल 46 टक्क्यांच्या आसपास आला, म्हणजे नाणं उडवून जेवढं जमतं तेवढाच. हे माहीत असताना आकडा छापणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. भ्रामक जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा 2019 खालीही येते.

जन्माची माहिती घेताना होणारी चूक

अर्जात "सध्याचा पत्ता" आणि "जन्मस्थळ" हे दोन वेगळे रकाने ठेवा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मुलगी मुंबईत वाढलेली असते, जन्म नांदेडचा असतो आणि अर्जात मुंबई भरलं जातं. दोन्ही ठिकाणांच्या रेखांशांत साडेचार अंशांच्या आसपास फरक आहे, म्हणजे स्थानिक वेळेत 17-18 मिनिटांचा. नवमांश लग्न सरासरी 13 मिनिटांत बदलतं, त्यामुळे या एका चुकीनं ते हमखास सरकतं. सॉफ्टवेअरमध्ये गाव निवडतानाही जपावं लागतं: पिंपळगाव आणि वडगाव तालुक्यातालुक्यात आहेत, तर धाराशिव आणि छत्रपती संभाजीनगर अजून कित्येक ठिकाणी जुन्याच नावानं सापडतात. तालुका विचारल्याशिवाय पत्रिका काढू नये.

वेळेचा पुरावा विचारा. जन्माच्या दाखल्यावर साधारणपणे वेळ नसते, ती दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर मिळते. "पहाटे कधीतरी" एवढंच उत्तर आलं, तर तसंच नोंदवा आणि काय सांगता येणार नाही ते पैसे घेण्याआधीच कळवा. वेळ तासाभरानं चुकली, तर जन्म शनीच्या नक्षत्रात असल्यास महादशेच्या तारखा नऊ-दहा महिन्यांनी पुढेमागे होतात. कारण चंद्राला नक्षत्र ओलांडायला साधारण एक दिवस लागतो आणि त्या एका दिवसावर शनीची 19 वर्षं बसवलेली असतात. अशा पत्रिकेवरून "मार्चमध्ये नोकरी" असं बोलणं खोटंच.

फीचं गणित

45 मिनिटांच्या बोलण्यामागे पत्रिका काढून अभ्यासायला 40 मिनिटं आणि नंतर लेखी सारांश पाठवायला 20 मिनिटं जातात. एकूण पावणेदोन तास. समजा महिन्याला हातात 20,000 रुपये यायला हवेत आणि इंटरनेट, सॉफ्टवेअर, फोन यांवर 2,000 जातात. महिन्याला 40 वेळा ठरतात, पण रद्द होऊन 32 पार पडतात असं धरा. 22,000 भागिले 32 म्हणजे जवळपास 690, म्हणून फी 700. पहिल्या तीन महिन्यांत 32 चा आकडा गाठणं अवघड जातं. तेव्हा फी वाढवू नका, अपेक्षा कमी धरा.

मिनिटावर दर लावू नये. घड्याळ चालू असलं की बोलणं लांबवायचा मोह होतो आणि लांबवायला भीतीसारखं साधन नाही: "अजून एक दोष दिसतोय" म्हटलं की समोरचा फोन ठेवत नाही. याच कारणासाठी खडे, यंत्रं, शांती यांवर कमिशन घेऊ नये. उपाय विचारलाच तर घरी, बिनखर्चाचा सांगावा. "यथाशक्ती दक्षिणा" ऐकायला बरी वाटते, पण त्यात गरीब माणूस संकोचानं जास्त देऊन बसतो. ठरलेली फी सांगा आणि वाटल्यास आठवड्यातल्या दोन वेळा निम्म्या दरात ठेवा.

एक प्रश्न, शेवटपर्यंत

नेहमीचा प्रश्न घ्या. आई विचारते, "गुरुजी, पोरीला मंगळ आहे म्हणून दोन स्थळं परत गेली. काढता येईल का?" जन्म जुलैअखेरचा, पहाटेचा, वेळ "पाच-साडेपाच". मंगळ धनू राशीत. त्या दिवसांत सव्वापाच ते साडेपाचच्या दरम्यान मिथुन लग्न संपून कर्क सुरू होतं. मिथुन धरलं तर मंगळ सातवा, म्हणजे मंगळाची पत्रिका. कर्क धरलं तर सहावा, म्हणजे नाही. पंधरा मिनिटांत मुलीवरचा शिक्का बसतो किंवा पुसला जातो.

इथे उत्तर असं द्यावं: "ताई, वेळ नक्की नाही, त्यामुळे मंगळ आहे की नाही हे मलाच काय, कुणालाही ठामपणे सांगता येणार नाही. डिस्चार्ज कार्ड सापडतं का बघा. आणि 1, 4, 7, 8, 12 यांतल्या कोणत्याही घरात मंगळ असला की मंगळ धरतात. बारापैकी पाच घरं झाली ही. इतक्या लोकांची लग्नं मोडत नाहीत." मग तेच सारांशात लिहून पाठवावं, म्हणजे पुढच्या पाहुण्यांना दाखवता येतं. "11,000 रुपयांत शांती करून मंगळ काढून देतो" असं म्हणणारा पुढच्या गल्लीत भेटेल. म्हणून आपण तसं म्हणायचं नसतं.

जिथे पत्रिका मिटवायची

बाळ मुलगा की मुलगी, हे विचारलं तर एक शब्दही बोलू नका. लिंगनिदानाची जाहिरात, शास्त्रीय असो की अन्य कोणत्याही मार्गाची, कायद्यानं गुन्हा आहे. मंत्र-तावीजानं आजार बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्यानं बंद आहे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ज्योतिषाच्या सल्ल्याला मुभा आहे, पण भूत उतरवणं, करणी काढणं असलं काही त्या मुभेत बसत नाही.

पाऊस कधी पडेल, सोयाबीन कधी पेरू, असं जूनमध्ये विचारतातच. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान-आधारित सल्ला बघायला सांगावं आणि त्या प्रश्नाची फी घेऊ नये. कर्जानं खचलेला माणूस "आता जगून काय" म्हणाला, तर पत्रिका बाजूला ठेवा, कॉल लगेच तोडू नका, घरातल्या कुणाला तरी फोनवर बोलवा आणि 14416 हा टेली-मानसचा मोफत क्रमांक द्या. त्याचे पैसे त्याच रात्री परत पाठवा.