होस्टेलच्या खोलीत भात: राइस कुकर की साधं पातेलं?

कोल्हापुरात शिकायला आलेल्या पोरांना भाताची आठवण होते ती रविवारी संध्याकाळी, मेसला सुट्टी असते तेव्हा. रस्सा पार्सल मिळतो, पण दोन घास भात आपला असला की पोट भरतं.

आधी रेक्टरना विचारा, काय चालतं ते. खोलीत गॅस असेल, तर माझं मत पातेल्याच्या बाजूनं. त्याच पातेल्यात चहा होतो, अंडी उकडतात, जागा एकाच भांड्याची जाते. नुसता प्लग असेल तर लहान राइस कुकर घ्या. तो साधारण ३०० ते ४०० वॅट घेतो. कॉइलची शेगडी १००० वॅटच्या पुढं जाते आणि होस्टेलचा फ्यूज उडवते.

कुकरबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवा. भात शिजला हे त्याला कळत नाही, पाणी संपलं एवढंच कळतं. पाणी आहे तोवर तळ १०० अंशांच्या आसपास राहतो. ते आटलं की तळ तापतो आणि बटण खटकन वर येतं. त्यामुळं पाणी कमी घातलं तर भात कच्चा असतानाच कुकर 'झालं' म्हणतो.

आजऱ्याच्या घनसाळाचं एका माणसाचं माप सांगतो. एक वाटी तांदूळ दोनदा धुवून वीस मिनिटं भिजवा, पाणी निथळा, मग त्याच वाटीनं दोन वाट्या पाणी घाला. तांदूळ नवा असेल तर पावणेदोनच पुरतं, नाहीतर गिचका होतो. आतलं भांडं बाहेरून कोरडं पुसा. मी एकदा घाईत पुसलं नाही, खाली तांदळाचा दाणाही अडकला होता. भांडं प्लेटवर नीट टेकलंच नाही, आणि वरचा भात टचटचीत राहिला. बटण उडाल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नका, वाफ मुरू द्या. कुकर पुस्तकांच्या फळीखाली ठेवू नका, जर्नल ओलं होतं.

पातेल्याला पाणी अर्धी वाटी जास्त, कारण वाफ उडून जाते. उकळी येईपर्यंत समोर उभं राहा, नाहीतर फेस उतू जाऊन बर्नर विझतो. मग आच बारीक करून झाकण किंचित तिरकं ठेवा. दहा-बारा मिनिटांत वरचं पाणी दिसेनासं होतं, भातावर बारीक भोकं पडतात. एक शीत दोन बोटांत दाबा. मधे पांढरी कणी लागली तर दोन चमचे गरम पाणी शिंपडून पुन्हा झाका. कणी नसेल तर गॅस बंद करून दहा मिनिटं मुरवा.

तळाला खरपूड धरलीच तर पाणी घालून रात्रभर ठेवा. कुकरच्या भांड्याला तारेची घासणी लावू नका. लेप निघाला की पुढचा प्रत्येक भात चिकटतो.