दोन एचपीची मोटर पुरेल असं वाटलं होतं: ड्राइव्हचा हिशेब करताना या चुका टाळा

पिंपळगाव बसवंतच्या एका कांदा व्यापाऱ्याच्या शेडसाठी आम्ही अंबडच्या वर्कशॉपमध्ये चढता कन्व्हेयर बनवला होता. १४४० आरपीएमची मोटर, व्ही-बेल्टवर अर्धा वेग, पुढे ३०:१ चा वर्म गिअरबॉक्स आणि ३२० मिलिमीटरचा ड्रम. ड्रम मिनिटाला २४ फेरे घेतो, म्हणजे पट्टा सेकंदाला साधारण ०.४ मीटर सरकतो. भरल्या पट्ट्याला ओढ लागते ३००० न्यूटन. ओढ गुणिले वेग, म्हणजे ड्रमवर १.२ किलोवॅट हवेत. इथवर सगळं बरोबर होतं.

पुढची चूक माझी. कार्यक्षमता मोटरची ८३ टक्के, बेल्टची ९५, गिअरबॉक्सची ७५. मी तिघांची सरासरी काढली. आली ८४. १.२ भागिले ०.८४ म्हणजे १.४३ किलोवॅट, म्हणून १.५ किलोवॅटची, आपल्या भाषेत दोन एचपीची मोटर लावली. आकडा इतका छान बसला की शंकाच आली नाही.

शेडमध्ये पट्टा पूर्ण भरून चालला की दीड-दोन तासांनी ओव्हरलोड रिले पडायचा. नेमप्लेटवर ३.३ अँपिअर, क्लॅम्प मीटर दाखवतो ३.८. तिथल्या वायरमनने रिले ४.२ वर नेऊन ठेवला आणि "आता पडत नाही साहेब" असा फोन केला. पडणार कसा? पण वाइंडिंग तापतच होतं. रिले वाढवणं हा या दुखण्यावरचा सगळ्यात महाग उपाय आहे, कारण त्याचं बिल रिवाइंडिंगवाला देतो.

पॉवर एकापाठोपाठ एका टप्प्यातून जाते, म्हणून कार्यक्षमतांचा गुणाकार करायचा, सरासरी नाही. गिअरबॉक्समधून १.२ बाहेर पडायला आत १.२ भागिले ०.७५, म्हणजे १.६ किलोवॅट जायला हवेत. बेल्टला ते पोचवायला मोटरच्या शाफ्टवर १.६ भागिले ०.९५, म्हणजे १.६८ हवेत. दीड किलोवॅटची मोटर मुळातच बारा टक्के जादा ओढत होती. काही जण तर भागण्याऐवजी गुणतात आणि मोटर लोडपेक्षा लहान येते; तेवढं तरी उत्तर बघून लक्षात यावं.

मोटरची स्वतःची ८३ टक्के कार्यक्षमता कुठे गेली, असं विचारणारे भेटतात. नेमप्लेटवरचे किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारे असतात, त्यामुळे मोटर निवडताना ती धरायची नाही. ती धरायची वीजबिलाला. १.६८ भागिले ०.८३ म्हणजे मीटरवर साधारण २ किलोवॅट, आठ तासांना १६ युनिट. मोटरसकट एकूण कार्यक्षमता १.२ भागिले २, म्हणजे ६० टक्के.

आम्ही शेवटी १.६८ वर वीस टक्के राखून २.२ किलोवॅटची, तीन एचपीची मोटर बसवली. भरलेला पट्टा थांबून पुन्हा सुरू होतो तेव्हा ही राखण लागते. निफाडकडच्या डिसेंबरातल्या पहाटे गिअरबॉक्समधलं तेल घट्ट असतं, तेव्हा तर लागतेच.

नुकसान नेमकं कुठे होतंय ते हातालाही कळतं. बेल्टमध्ये जेमतेम ८० वॅट जातात, गिअरबॉक्समध्ये ४००. त्या लोखंडी पेटीत दिवसभर ४०० वॅटचा हीटर चालू आहे असं समजा. ती तापणं म्हणजे बिघाड नव्हे, वर्मचा स्वभावच तो. पुली मात्र हात लावता येऊ नये इतकी तापली, किंवा मोटरचा वेग ठीक असून ड्रमचे फेरे २४ ऐवजी २२ भरले, तर बेल्ट घसरतोय. (पुलीला हात लावायचा तो मेन स्विच पाडल्यावरच.) आधी टेन्शन बघा, मग मोटरला दोष द्या. नुसत्या अँपिअरवरून पॉवर काढू नका. रिकामी फिरणारी मोटरही निम्म्याच्या आसपास करंट घेते, पण पॉवर फारच थोडी. शेडमधलं बाकी सगळं बंद करून, पट्टा भरून पंधरा मिनिटं चालवा आणि मीटर वाचा: अर्धा युनिट पडलं तर २ किलोवॅट.

याच जागी ९४ टक्क्यांचा हेलिकल गिअरबॉक्स असता तर शाफ्टवर १.३४ किलोवॅट पुरले असते आणि माझी दीड किलोवॅटची मोटर टिकली असती. तो महाग पडतो म्हणून व्यापारी नको म्हणाला. शिवाय त्याला वाटत होतं की वर्म आहे म्हणून वीज गेली तरी पट्टा मागे येणार नाही. पन्नास टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेचा वर्म असा भरवशाने अडत नाही. आमचा ७५ चा, त्यामुळे उलट फिरणं अडवणारा बॅकस्टॉप त्यालाही लावावाच लागला.