ब्लड कल्चर: बाटलीत रक्त किती, आणि केव्हा?

ताप आहे, जंतूही रक्तात आहेत, तरी कल्चर निगेटिव्ह येतं. बऱ्याचदा कारण एकच: बाटलीत रक्त कमी. मोठ्या माणसाच्या 1 मिली रक्तात कधीकधी एखादाच जंतू असतो, तर कधी एकही नसतो. 3 मिलीत तो सापडेलच असं नाही.

1. अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी रक्त घ्या. रुग्ण गंभीर असेल तर मात्र कल्चरसाठी डोस लांबवू नका.
2. भरण्याआधी बाटलीवर पेनाने 10 मिलीची खूण करा. नुसत्या नजरेचा अंदाज हमखास चुकतो.
3. कातडीवरचं अँटिसेप्टिक पूर्ण वाळू द्या. बाटलीचं रबरही स्पिरिटने पुसा.
4. दोन्ही हातांतून वेगवेगळं रक्त घ्या, प्रत्येकी दोन बाटल्या. चारपैकी एकाच बाटलीत कातडीवरचा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस वाढला, तर तो बहुधा सुईबरोबर आलेला. दोन्ही हातांच्या बाटल्यांत आला, तर गांभीर्याने घ्या.

जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्याने बाटलीच्या तळाचा सेन्सर बदलतो आणि मशीन इशारा देतं. म्हणूनच गारगोटी, गडहिंग्लजहून कोल्हापूरला पाठवताना बाटली बर्फाच्या डब्यात ठेवू नका. थंडीत वाढ मंदावते, काही नाजूक जंतू तर मरतात. साध्या खोलीच्या तापमानात, शक्यतो दोन तासांत पोचवा.