या चुका टाळा: कमोडची बाटली कट्ट्यावर ठेवू नका

ताई, आजपासून स्वयंपाकघर आणि बाथरूम तुमच्या हाती आहे, म्हणून हे लिहून ठेवते. माझ्याकडे याआधी जेवढ्या जणी कामाला आल्या, त्यांच्यातल्या बहुतेकींनी त्याच त्या चुका केल्या. त्याही आळसाने नाहीत, काम लवकर उरकायच्या घाईने.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कमोड धुवायचं औषध दगडावर ओतणं. बाथरूमचा उंबरा आणि बेसिनभोवतीचा कट्टा संगमरवरी आहे, आणि कमोडच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. संगमरवर हा चुनखडीच्या जातीचा दगड, अॅसिड लागलं की तो विरघळतो. एक जण कमोड धुताना ओली बाटली बेसिनच्या कट्ट्यावर ठेवायची. बाटलीवरून ओघळलेलं औषध तळाशी साचत राहिलं. एका सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं तेव्हा कट्ट्यावर बांगडीएवढं पांढुरकं वर्तुळ दिसलं. तिला वाटलं साबणाचा डाग आहे, म्हणून तिने घासलं. जात नाही म्हणून त्यावर तेच औषध ओतलं. फेस आला, तो बघून ती म्हणाली, "बघा, मळ निघतोय." तो मळ नव्हता, दगड निघत होता. हात फिरवला तर बाकीचा कट्टा गुळगुळीत आणि तेवढीच जागा खरखरीत. असा डाग कुठल्याही साबणाने जात नाही, कारण तो वर बसलेला नसतो. कारागीर बोलावून पॉलिश करून घ्यावं लागलं.

लिंबू आणि व्हिनेगरही आंबटच, तेही संगमरवराला तसेच खातात, फक्त हळूहळू. म्हणून संगमरवराला कोमट पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विड साबणाचे दोन-चार थेंब आणि मऊ कापड, बस. मग साध्या पाण्याचं कापड आणि शेवटी कोरडं. ओटा ग्रॅनाइटचा आहे, तो आंबटाला एवढा घाबरत नाही. तरी मी त्यालाही साबणच लावते, म्हणजे दोन दगडांसाठी दोन सवयी लागत नाहीत. पुढे दुसऱ्या कुठल्या घरी दगड ओळखता आला नाही, तर आधी मालकांना विचारा. त्यांनाही माहीत नसेल तर त्यांच्या परवानगीने दिसणार नाही अशा कोपऱ्यात व्हिनेगरचा एकच थेंब टाका. बारीक बुडबुडे आले तर त्या दगडाला अॅसिड चालणार नाही. थेंब लगेच पुसून घ्या.

दुसरी चूक जिवावर बेतणारी आहे. कमोडमध्ये औषध टाकलं आणि वास जात नाही म्हणून वर ब्लीच ओतलं, असं कधीही करू नका. ब्लीच आणि अॅसिड एकत्र आले की क्लोरिन वायू निघतो. बाथरूम छोटं, दार लावलेलं, खाली वाकून घासायचं काम, म्हणजे तो थेट नाकात जातो. डोळे चुरचुरायला लागले, घशात टोचल्यासारखं झालं, खोकला थांबेना, तर पुसायला, पाणी टाकायला थांबू नका. जाता जाता दार उघडं टाकून बाहेर मोकळ्या हवेत या आणि मला हाक मारा. श्वास लागला तर लगेच दवाखान्यात जायचं. काच पुसायच्या अमोनियाच्या क्लीनरमध्येही ब्लीच मिसळायचं नाही. माझा नियम एकच आहे, एका दिवशी एका जागी एकच औषध. कमोडचं औषध कडेने आतून सोडायचं, १० मिनिटं ठेवायचं, ब्रश फिरवायचा, फ्लश करायचं. तिथे ब्लीच वापरायचंच झालं तर दुसऱ्या दिवशी, नुसतं. जास्त ओतून जास्त स्वच्छ होतं हा समज सोडून द्या. स्वच्छता त्या १० मिनिटांत होते, आणि नेमकी तीच १० मिनिटं कोणी थांबत नाही.

स्टीलच्या सिंकला ब्लीच नको, बारीक खड्डे पडतात. तारेची घासणीही नको, तिचे तुकडे चिकटून गंजतात आणि मग सिंकच गंजलं असं वाटतं. अॅल्युमिनियमच्या भांड्यांना सोडा लावू नका, ती काळी पडतात.

नळावरचे पांढरे डाग पाण्यातल्या क्षाराचे असतात, ते साबणाने निघत नाहीत. इथे मात्र व्हिनेगर चालतं. व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं घ्या, कापड भिजवून घट्ट पिळा, नळाला गुंडाळा आणि ५-१० मिनिटांनी काढून धुऊन पुसा. थेंब खाली संगमरवरावर गळतील, म्हणून आधी खाली जाड जुना टॉवेल घडी करून ठेवा. तो बेसिनखालच्या कप्प्यात मी मुद्दाम ठेवलाय. कमोडची बाटली मात्र कमोडच्या मागे प्लास्टिकच्या टबात राहील, तिथून ती उचलून कट्ट्यावर ठेवू नका.